कापलेले फळ आणि घरची वाट

वाशीच्या बाजारात भाजी घेऊन जाणारे पुष्कळ शेतकरी आहेत. माल विकला, की घरच्या मुलांसाठी काहीतरी न्यावेसे वाटते. रस्त्यावर गाडीवाला उभा असतो. लालबुंद कलिंगडाच्या फोडी, पिवळी पपई, शेजारी भेळेची गाडी. एक पुडी फळांची, एक पुडी भेळेची. पिशवीत टाकली आणि निघाले.

आता ही पुडी कशी प्रवास करते, ते आपण पाहू या.

समजा, एका गृहस्थाने दुपारी ४ वाजता फोडी घेतल्या. त्याचे गाव पेण तालुक्यात आहे. वाशीहून पनवेलपर्यंत लोकल. तेथे एस. टी.ची वाट पाहणे. मग पेणपर्यंत गाडी आणि पुढे गावापर्यंत पायी. घरी पोचायला रात्रीचे ८ वाजले. चार तास ती पुडी गरम पिशवीत होती.

फळाची साल म्हणजे घराची भिंत. साल शाबूत असते तोवर आतला गर सहसा सुरक्षित असतो. पण सालीवर शेतातली माती असते, बाजारातली घाण असते. सुरी सालीतून आत जाते, तेव्हा त्या घाणीतले जंतू गरापर्यंत नेते. शिवाय गाडीवाल्याचा हात, फडके आणि पाणी यांतूनही जंतू येतात. गर गोड व ओला असतो. कलिंगड, खरबूज, पपई यांत आंबटपणा फार थोडा असतो. त्यामुळे जंतूंना तेथे चांगलेच मानवते. अननस, संत्रे आंबट असल्याने तेथे ते सावकाश वाढतात. पण मरतातच असे नाही.

जंतू डोळ्यांना दिसत नाहीत. उबेत एकाचे दोन, दोनाचे चार, असे ते वाढतात. काही जंतू अर्ध्या तासातच दुप्पट होतात. समजा, फोडीवर १०० जंतू आले. पहिला तास त्यांना रुळायला गेला. मग ५॥ वाजता २००, ६ वाजता ४००, ६॥ वाजता ८००, ७ वाजता १६००, ७॥ वाजता ३२०० आणि ८ वाजता ६४०० झाले. गाडीपाशीच फोड खाल्ली असती, तर पोटात शंभर गेले असते. घरी मुलाच्या पोटात चौसष्टशे गेले. फोड तीच, फरक वेळेचा. गाडीवर फोडी बर्फावर असतात, तेथे वाढ मंद असते. पिशवीत बर्फ नसतो.

हे केवळ कागदावरचे गणित नव्हे. १९९१ साली अमेरिका व कॅनडा या देशांत खरबूज खाऊन ४०० हून अधिक लोक आजारी पडले. त्या जंतूला आपल्या पुण्याचेच नाव आहे. त्याला ‘साल्मोनेला पूना’ म्हणतात.

कोणी म्हणेल, ‘वास तर चांगला येतो, चवही बरी आहे.’ पण आजार करणारे पुष्कळ जंतू वास किंवा चव बदलत नाहीत. म्हणून नाकावर व जिभेवर भरवसा ठेवू नये. घड्याळावर ठेवावा. फोडी किंवा ओली भेळ दोन तासांहून जास्त उबेत राहू देऊ नये. कडक उन्हाळ्यात एकच तास धरावा.

आता भेळेचे पाहू. कुरमुरे, शेव, पुरी कोरडी असतात. कोरड्यात जंतू वाढत नाहीत. धोका उकडलेल्या बटाट्यात, दह्यात, हिरव्या चटणीत आणि पाणीपुरीच्या पाण्यात असतो. गाडीवाल्याच्या बोटावर पिकलेली जखम असेल, तर तिच्यातले जंतू बटाट्यावर जाऊन विष तयार करतात. ते विष पुन्हा उकळूनही जात नाही. म्हणून ‘घरी गरम करून घेऊ’ हा उपाय नव्हे.

मग मुलांना खाऊ न्यायचाच नाही काय? जरूर न्यावा. फळ अख्खे घ्यावे. घरी साल धुवावी, सुरी व हात साबणाने धुवावे आणि मग कापावे. भेळेसाठी कुरमुरे, शेव, पुरी कोरडी बांधून घ्यावी. बटाटा घरी उकडावा, चटणी घरी वाटावी. ओली भेळ हवीच असेल, तर गाडीपाशी ताजी खावी.

तरीही घरात जुलाब सुरू झाले, तर पाणी बंद करू नये. आरोग्य केंद्रातली मीठ-साखरेची पुडी आणावी. ती नसेल, तर १ लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात ६ सपाट चहाचे चमचे साखर व अर्धा सपाट चमचा मीठ घालून थोडे थोडे पाजावे. शौचात रक्त पडले, लघवी कमी झाली किंवा मूल मलूल पडले, तर त्याच घटकेला दवाखाना गाठावा.

प्रश्न
१. गाडीपाशी खाल्लेल्या व घरी नेलेल्या फोडीत काय फरक पडला?
२. भेळेतले कोणते जिन्नस कोरडे न्यावेत?
३. वाशीहून आपल्या गावी पोचायला किती तास लागतात? हिशेब करा.