रिमॅप केलेल्या गाडीची वॉरंटी कुठवर टिकते?

प्रश्न : माझ्याकडे १.५ लिटरची बीएस-६ डिझेल एसयूव्ही आहे. वॉरंटीचं एक वर्ष बाकी आहे. आठ महिन्यांपूर्वी एका ट्यूनरकडून ईसीयू रिमॅप करून घेतला. गाडीचा पिकअप जबरदस्त वाढला आणि पीयूसीही पहिल्या फटक्यात पास झाली. गेल्या महिन्यात महाबळेश्वरच्या घाटात इंजिनचा दिवा लागला, गाडी लिंप मोडमध्ये गेली. सर्व्हिस सेंटरने टर्बो खराब असल्याचं सांगितलं आणि रिमॅपचं कारण देत वॉरंटी नाकारली. सोबत एसीचा कॉम्प्रेसरही बिघडला होता, तोही नाकारला. ट्यूनर म्हणतो, जुनी फाइल परत टाकतो, कुणाला कळणार नाही. पीयूसी पास आहे म्हणजे गाडीत बेकायदा काही नाही, असंही त्याचं म्हणणं आहे. मी काय करावं? (एक वाचक, सातारा)

उत्तर : सर्वांत आधी ट्यूनरला थांबवा. जुनी फाइल आता टाकू नका. कारण पुढे सांगतो. आधी गाडीत नेमकं काय बदललं ते पाहू, कारण वॉरंटीचा सगळा वाद त्यावरच उभा राहणार आहे.

डिझेल इंजिनात ताकद ठरते ती प्रत्येक स्ट्रोकला किती डिझेल फवारलं जातं यावर. तुमच्यासारख्या इंजिनचा हिशेब उदाहरणादाखल मांडतो. २००० आरपीएमला पूर्ण ॲक्सिलरेटर दाबला, तर एका सिलिंडरमध्ये साधारण ८०० मिलिग्रॅम हवा जाते आणि कंपनीचा मॅप ४२ मिलिग्रॅम डिझेल देतो. म्हणजे एका भाग डिझेलला १९ भाग हवा. डिझेल पूर्ण जळायला साडेचौदा भाग पुरतात. वरची हवा धूर आणि उष्णता आटोक्यात ठेवायला लागते. ट्यूनरने डिझेल ५० मिलिग्रॅम केलं की टॉर्क २४० वरून २८५ न्यूटन-मीटरच्या आसपास जातो. पण हवा तेवढीच राहिली, तर प्रमाण १६ वर येतं आणि गाडी काळा धूर मारते. मूळ मॅपमध्ये हे रोखणारी मर्यादा असते, तिला स्मोक लिमिटर म्हणतात. रिमॅपमध्ये ती सैल करावी लागते आणि हवा वाढवायला बूस्टही चढवावा लागतो. बूस्ट २.२ बारवरून २.५ बार केला, तर हवा ८९० मिलिग्रॅमच्या घरात जाते आणि प्रमाण पुन्हा १८ च्या जवळ येतं. हवा दाबली की तापते, म्हणून दाबाच्या प्रमाणात ती पूर्ण वाढत नाही.

आता घाट. हे बार निरपेक्ष दाबाचे आकडे आहेत. समुद्रसपाटीला बाहेरची हवा जवळपास १ बारची असते, म्हणून २.५ बारसाठी टर्बोला ती अडीच पट दाबावी लागते. महाबळेश्वरची उंची तेराशे मीटरच्या वर, तिथे बाहेरचा दाब सुमारे ०.८६ बार. तेच २.५ बार गाठायला टर्बोला जवळपास २.९ पट दाबावं लागतं, म्हणजे त्याचा वेग खूप वाढतो. कंपनीच्या मॅपमध्ये उंचीनुसार बूस्टचं लक्ष्य खाली आणणारा तक्ता असतो. घाईने केलेल्या रिमॅपमध्ये हा तक्ता बऱ्याचदा सपाट केलेला दिसतो. तुमची गाडी नेमकी घाटात बसली, हे मला योगायोग वाटत नाही. ट्यूनरकडे मूळ आणि बदललेली अशा दोन्ही फाइली मागा. हा तक्ता बदलला असेल, तर कंपनीचा टर्बोबाबतचा नकार योग्यच ठरण्याची शक्यता जास्त आहे. हे ऐकायला कडू आहे, पण खोटी आशा दाखवून तुमचे वकिलाचे पैसे वाया घालवणार नाही.

एसीचं मात्र वेगळं आहे. रिमॅप आणि एसी कॉम्प्रेसरचा बिघाड यांचा कार्यकारणसंबंध कंपनीने दाखवला पाहिजे. वॉरंटी पुस्तिका काढा आणि वाक्य शब्दशः वाचा. ‘अनधिकृत बदलामुळे झालेला बिघाड’ वगळला असेल, तर एसीसाठी तुमची बाजू भक्कम आहे. ‘असा बदल केल्यास संपूर्ण वॉरंटी संपुष्टात येईल’ असं असेल, तर लढाई अवघड आहे, तरी लढण्याजोगी आहे. दोन्ही नकार लेखी घ्या. त्यात कोणत्या कलमाखाली नकार, कोणते एरर कोड निघाले आणि ईसीयूमधून कॅलिब्रेशनचा कोणता क्रमांक वाचला, हे नमूद करायला सांगा. मग राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवा. तिथे मिटलं नाही, तर जिल्हा ग्राहक आयोग आहे. नकार मिळाल्यापासून दोन वर्षांच्या आत तिथे जाता येतं.

जुनी फाइल का टाकायची नाही? बऱ्याच ईसीयूंमध्ये तो किती वेळा लिहिला गेला याची नोंद राहते, जुनी फाइल टाकली की ती आणखी एकाने वाढते. शिवाय सर्व्हिस सेंटरने आधीच गाडी वाचलेली आहे. आता बदल केला, तर तुम्ही पुरावा बदलला असं दिसेल आणि एसीचा खरा दावाही त्याच संशयाखाली जाईल.

आता पीयूसी. डिझेल गाडीची चाचणी जागेवर उभी ठेवून, न्यूट्रलमध्ये होते. ॲक्सिलरेटर तळाला दाबून इंजिन झपाट्याने वरच्या आरपीएमला नेतात आणि धुराची घनता मोजतात. चाकांवर भार नसतो, बूस्ट नीट चढायच्या आत चाचणी संपते. रिमॅपमधलं वाढीव डिझेल घाट चढताना किंवा ओव्हरटेक करताना फवारलं जातं, ते या यंत्राला दिसतच नाही. नायट्रोजनची ऑक्साइड्स तर ही चाचणी मोजतच नाही. शिवाय तुमच्या गाडीचा डीपीएफ शाबूत असेल, तर जास्तीची काजळी तो अडवून ठेवतो. म्हणून पीयूसी पास झाली, याचा अर्थ त्या उभ्या चाचणीत धूर मर्यादेत होता, इतकाच.

ती काजळी जाते कुठे, ते घरी पाहता येतं. डीपीएफ लवकर भरतो, वारंवार स्वतःला जाळून साफ करतो आणि त्यासाठी उशिरा फवारलेलं थोडं डिझेल ऑइलमध्ये उतरतं. इंजिन थंड असताना डिपस्टिक काढा. ऑइलची पातळी वरच्या खुणेच्याही वर गेली असेल आणि डिझेलचा वास येत असेल, तर गाडी चालवू नका, आधी ऑइल बदला. दुसरी खूण : सायलेन्सरच्या टोकात पांढरं फडकं फिरवा. फडक्यावर काळी काजळी आली, तर डीपीएफ फुटलाय किंवा ट्यूनरने तो काढलाय. काढला असेल, तर तो तातडीने परत बसवा.

कायद्याची बाजू थोडक्यात. मोटार वाहन अधिनियम १९८८ च्या कलम ५२ नुसार, निर्मात्याच्या मूळ तपशिलांशी नोंदणीतील तपशील विसंगत होतील असा बदल करता येत नाही. परवानगी नसलेला बदल केल्यास कलम १८२अ(४) खाली मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे ५००० रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. प्रदूषणाची मानकं मोडल्यास कलम १९०(२) लागू होतं, त्यात १०,००० रुपयांपर्यंत दंड आहे. ही जबाबदारी गाडी वापरणाऱ्यावर येते. ट्यूनरने काहीही सांगितलं असलं तरी पीयूसीचा कागद तिथे ढाल होत नाही.

विमा कंपनीलाही या बदलाची लेखी माहिती द्या. न सांगितल्यास पुढचा अपघाताचा दावा याच कारणावर अडकू शकतो.

टर्बो नवा बसवताना ईसीयू अधिकृत सर्व्हिस सेंटरकडूनच मूळ कॅलिब्रेशनवर आणून घ्या, तेही तुमचे लेखी नकार आणि कॅलिब्रेशनच्या नोंदी हातात आल्यावरच, आणि त्याची नोंद जॉब कार्डवर करून घ्या.