पावतीवरच्या अटी

यवतमाळ

चि. भाच्यास,

दारव्ह्याच्या मोबाइल दुरुस्तीच्या दुकानाचं पावतीपुस्तक छापायला देण्याआधी मजकूर मला दाखवलास, बरं केलंस. त्यातली ‘दुरुस्तीनंतर कोणतीही हमी नाही’ ही ओळ आधी काढून टाक. ती तुला वाचवणार नाही. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात सदोष सेवेचे पैसे परत करायला नकार देणं ही अनुचित व्यापारी प्रथा धरली आहे. त्यासाठी पावतीवर लिहिलेली मुदत पाहतात. ती लिहिलेलीच नसेल तर ३० दिवस धरतात. पावती न देणं हीही अनुचित प्रथाच आहे.

हमी अख्ख्या फोनला देऊ नकोस. बदललेल्या भागाला आणि आपल्या कामाला दे. समज, गाडीवरून पडून फुटलेला डिस्प्ले तू बदललास. पावतीवर लिही : ‘डिस्प्ले बदलला. ९० दिवसांत टच किंवा चित्र आपोआप बंद पडल्यास डिस्प्ले विनामूल्य बदलून देऊ. बदलून दिलेल्या डिस्प्लेला मूळ हमीची उरलेली मुदत लागू राहील. काच फुटल्यास, दाबली गेल्यास किंवा पाणी शिरल्यास हमी नाही.’ विसाव्या दिवशी गिऱ्हाईक टच चालत नाही म्हणून आलं, तर काच आणि कडा नीट बघ. तडा, काळा डाग नसेल आणि आत ओल गेल्याची खूण नसेल, तर वाद न घालता बदलून दे. नव्या डिस्प्लेला मग ७० दिवस उरतात. बसवताना डिस्प्लेच्या मागे तारखेची चिठ्ठी चिकटवत जा, म्हणजे भाग तुझाच आहे हे दोघांनाही दिसेल.

तोच माणूस चार्जिंग होत नाही म्हणाला, तर उत्तर फोन घेतानाच लिहिलेलं हवं. म्हणून त्याच्यासमोर चार्जिंग, स्पीकर, माइक, कॅमेरा तपासून पावतीवर नोंद कर. फोन बंदच आला असेल, तर ‘बंद अवस्थेत आला, इतर भाग तपासता आले नाहीत’ असं लिही.

पावसाळ्यात भिजलेले फोन येतील. सिमच्या खाचेतली खूण लाल झालेली असेल किंवा बोर्डावर हिरवट-पांढरा गंज दिसला, तर फोन सुरू झाला तरी गंज आत वाढत राहू शकतो. अशा कामाला हमी देऊ नकोस, पण तसं पैसे ठरवण्याआधीच सांग आणि सही घे. फोटो, नंबर जाऊ शकतात हेही तेव्हाच सांग. मात्र तुझ्या हलगर्जीपणाने नुकसान झालं, तर त्या सहीमागे लपता येणार नाही. ठेवायला घेतलेली वस्तू आपल्या वस्तूसारखी जपावी, असं १८७२ चा करार कायदाच सांगतो.

अटी मराठीत, मोठ्या अक्षरात छाप. ज्याला वाचता येत नाही, त्याला वाचून दाखव आणि मगच सही घे. एक प्रत त्याला, एक तुझ्याकडे. बदललेला मजकूर छापखान्यात देण्याआधी मला पाठव.

तुझा मामा