अर्धवेळ कामाच्या अर्जात वेळ कशी लिहावी

पिंपळवंडीच्या विद्यार्थ्याने आळेफाट्यावरील दुकानात कामासाठी अर्ज करताना 'केव्हाही येईन' असे लिहिणे आम्हास पटत नाही. पुढे परीक्षा आली की दांड्या पडतात आणि पगारावरून वाद होतो.

समजा, व्याख्याने साडेबाराला सुटतात व एस.टी.ने फाट्यावर यायला तास लागतो. तरी अर्जात दीड नव्हे, दोन लिहावे, एस.टी. चुकतेच!

मजकूर असा असावा: 'सोमवार ते शुक्रवार दुपारी २ ते ६ व रविवारी पूर्ण दिवस येईन. शनिवारी प्रात्यक्षिक असते. सत्र परीक्षेच्या काळात फक्त रविवारी येऊ शकेन. वेळापत्रक लागताच त्याची प्रत देईन.'

परीक्षेचे दिनांक मात्र अंदाजाने लिहू नयेत. दुकानदार त्याच दिवसांपुरता बदली माणूस ठरवतो, आणि दिनांक पुढे गेले तर त्याची पंचाईत होते.