शाळेचे दार आणि त्यापुढच्या पायऱ्या
(शिक्षण व सामाजिक गतिशीलता : उजळणीसाठी एक पाठ)

सुरत शहरातून तापी ओलांडून उत्तरेस निघाले, म्हणजे अमरोलीच्या बाजूस कोसाड लागते. पूर्वी हे एक स्वतंत्र गाव होते. आज ते सुरत महानगरपालिकेच्या हद्दीत आहे. 2005 साली सुरू झालेल्या जवाहरलाल नेहरू राष्ट्रीय नागरी पुनर्निर्माण अभियानाखाली येथे मोठी वसाहत उभी राहिली, आणि शहरातील झोपडपट्ट्यांमधून हलविलेल्या कुटुंबांना पक्की घरे मिळाली. सुरतेचा कामगारवर्ग अनेक प्रांतांतून आलेला आहे. यंत्रमाग, रंगकाम व बांधकाम यांवर ओडिशा आणि उत्तर प्रदेशातील माणसांप्रमाणेच धुळे, जळगाव व नंदुरबारकडील खानदेशी माणसेही पिढ्यान्‌पिढ्या राबत आली आहेत.

अशा वस्तीतील कामगाराचे मूल शाळेत गेले, तर ते बापाच्या स्थानावरून वर चढेल काय? या एका प्रश्नात शिक्षणाच्या समाजशास्त्रातील एक मोठा विषय सामावलेला आहे. व्यक्तीचे किंवा पिढीचे एका सामाजिक स्थानावरून दुसऱ्या स्थानावर जाणे, यास सामाजिक गतिशीलता म्हणतात. शाळा ही गतिशीलता वाढवू शकते; परंतु आईबापांमधील विषमता मुलांच्या पिढीत जशीच्या तशी उतरविण्याचे कामही तीच शाळा करू शकते. या दुसऱ्या क्रियेस विषमतेचे पुनरुत्पादन असे नाव आहे.

दार उघडे, वाट अवघड

सुरतेच्या नगर प्राथमिक शिक्षण समितीने गुजरातीबरोबर मराठी, हिंदी, उर्दू, ओडिया, तेलुगू अशा माध्यमांच्याही शाळा चालविल्या आहेत. स्थलांतरित मुलाला पहिल्याच दिवशी परक्या भाषेपुढे मुके व्हावे लागू नये, या दृष्टीने ही सोय मोलाची आहे. तथापि मराठी वस्ती मुख्यतः उधना, लिंबायत या शहराच्या दक्षिण व आग्नेय भागांत एकवटलेली आहे. एखादे खानदेशी कुटुंब त्या भागातून कोसाडला हलविले गेले असे समजा. घर पक्के झाले. परंतु मुलाची ओळखीची शाळा आणि बापाचा कारखाना नदीपलीकडे राहिला. आता दोनच मार्ग उरतात : रोज बसभाडे आणि वेळ खर्च करून जुन्या शाळेत जाणे, किंवा जवळच्या शाळेत दुसऱ्या माध्यमात मधूनच बसणे. पहिल्या मार्गात गैरहजेरी वाढते, दुसऱ्यात मूल मागे पडते. दोन्हींचा शेवट वर्गशिक्षकाच्या शेऱ्यात ‘अभ्यासात कच्चा’ एवढाच उरतो, आणि खरे कारण नोंदवहीत कोठेच दिसत नाही.

फ्रेंच समाजशास्त्रज्ञ पिअर बोर्द्यु यांनी ‘सांस्कृतिक भांडवल’ ही कल्पना मांडली ती नेमकी येथे उपयोगी पडते. घरात बोलली जाणारी भाषा, पुस्तकांचा सहवास, अर्ज कसा करावा आणि कोणाला भेटावे याची माहिती, हे सारे मुलाला घरातून मिळणारे भांडवल होय. शाळा ते शिकवीत नाही, पण ते असल्याचे गृहीत धरून परीक्षा घेते. मग वारशाने आलेला लाभ बुद्धिमत्ता म्हणून गणला जातो, आणि मागे पडलेले मूलही दोष स्वतःलाच देते.

यात वेळेची किंमत मिळवावी लागते. सुरतेच्या वस्त्यांमधून साड्यांचे धागे कापणे, टिकल्या वा खडे चिकटविणे अशी कामे घरोघर चालतात, आणि मजुरी नगावर मिळते. अशा घरात मोठी मुलगी दुपारी शाळेत बसली, तर तेवढ्या नगांची मजुरी बुडते. फी माफ झाली तरी ही बुडालेली मजुरी माफ होत नाही. 2009 च्या शिक्षणहक्क कायद्याचे संरक्षण सहा ते चौदा वर्षे वयापुरते, म्हणजे आठवीपर्यंतचे आहे. त्यामुळे आठवी ते नववी हा सांधा विशेष कच्चा राहतो.

वाढ आणि समता एकच नव्हे

पटसंख्या वाढली म्हणजे विषमता घटली, असा समज नेहमी होतो. एक कल्पित उदाहरण घेऊन हिशोब करू. पूर्वीच्या पिढीत कामगारांच्या 100 मुलांपैकी 10 आणि कारकून-व्यापाऱ्यांच्या 100 मुलांपैकी 50 दहावी झाली. पुढील पिढीत हेच आकडे 40 आणि 90 झाले. कामगारांच्या मुलांचा वाटा चौपट झाला. पूर्वी एकास पाच असलेले प्रमाण एकास सव्वादोनवर आले. परंतु दोन गटांतील अंतर 40 वरून 50 वर गेले. म्हणजे एका मापाने विषमता घटली, दुसऱ्या मापाने वाढली. यास्तव कोणत्याही अहवालात दोन्ही गटांचे मूळ आकडे मागून घ्यावेत. एकाच टक्केवारीवर निष्कर्ष काढू नये.

यापुढची गोष्टही ध्यानात घेण्यासारखी आहे. वरच्या गटाची जवळजवळ सर्व मुले दहावी होऊ लागली, की नोकरीसाठी पदवी मागितली जाऊ लागते. खालचा गट पायरी चढतो तोवर शिडीच उंच होते. राफ्टरी व हाऊट या अभ्यासकांनी आयर्लंडची आकडेवारी तपासून 1993 मध्ये असेच प्रतिपादन केले : वरच्या वर्गाची गरज पुरती भागेपर्यंत शिक्षणाच्या विस्ताराने वर्गावर्गांतील अंतर फारसे कमी होत नाही.

कोल्हापूरचा धडा

हा विचार मराठी मुलखाला नवा नाही. 1882 साली हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात महात्मा जोतीराव फुले यांनी दाखवून दिले, की सरकारचा महसूल रयतेच्या घामातून येतो आणि शिक्षणावरील खर्चाचा लाभ मात्र वरच्या वर्गांना होतो. निदान बाराव्या वर्षापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे, अशी त्यांची मागणी होती.

राजर्षी शाहू महाराजांनी कोल्हापूर संस्थानात या वाटेवरील एकेक अडथळा वेगळा ओळखला. शहरातील शाळा खेड्यातील मुलाला मनाई करीत नव्हती. पण राहावे कोठे आणि जेवावे काय, हा प्रश्न होता. म्हणून 1901 पासून निरनिराळ्या जातिधर्मांसाठी वसतिगृहे निघाली. शिकून नोकरी मिळत नसेल तर बाप मुलाला शाळेत का ठेवील? म्हणून 1902 साली संस्थानातील नोकऱ्यांपैकी निम्म्या रिक्त जागा मागासलेल्या वर्गांसाठी राखल्या गेल्या. शेतावरचे मूल शाळेत यावे, म्हणून 1917 साली सक्तीचे व मोफत प्राथमिक शिक्षण आले आणि मूल न पाठविणाऱ्या पालकास दंडाची तरतूद झाली. अंतर, वेळ आणि नोकरी या तिन्ही ठिकाणी एकाच धोरणाने हात घातला. या उपायांनाही मर्यादा होती. ते एका संस्थानाच्या सीमेपुरते होते.

कसे ओळखावे?

कोसाडसारख्या ठिकाणी शिक्षकाने वा अधिकाऱ्याने निकालाची टक्केवारी पाहून थांबू नये. पहिलीत दाखल झालेल्या मुलांची यादी घ्यावी, आणि त्यांतील कोण पाचवीत, आठवीत व दहावीत पोहोचले ते नावानिशी तपासावे. गळालेल्या मुलासमोर बापाचा व्यवसाय, घरची भाषा, शाळेचे अंतर आणि मूल मुलगा की मुलगी हे लिहावे. परीक्षेला बसलेल्या 20 पैकी 18 उत्तीर्ण झाली, तर निकाल 90 टक्के दिसतो. पण पहिलीत 60 मुले असतील, तर उरलेली 40 कोठे गेली हाच खरा प्रश्न आहे. गळती एका वर्गात वा एका गटात साचलेली दिसली, तर ती मुलांची उणीव नसून वाटेतील अडथळा आहे, असे समजावे. काही मुले कुटुंबाबरोबर गावी परतलेली किंवा दुसऱ्या शाळेत गेलेली असतात. त्यांची नोंद अर्थातच वेगळी ठेवावी.

उजळणीचे प्रश्न

1. सांस्कृतिक भांडवल म्हणजे काय? माध्यम बदललेल्या मुलाच्या उदाहरणाने स्पष्ट करा.
2. वरील हिशोबात प्रमाण घटूनही अंतर का वाढले?
3. वसतिगृह, सक्ती आणि राखीव जागा यांपैकी प्रत्येक उपाय कोणत्या अडथळ्यावर होता? आपल्या गावी त्यांपैकी कोणता अडथळा मोठा आहे, ते शाळेच्या नोंदवहीवरून दाखवा.