अपरिचित कविता आणि खचलेला विद्यार्थी : एका शिक्षकाचे पत्र

नांदेड जिल्ह्यात मांजरेच्या काठी असलेल्या एका खेड्यातील शाळेतून सातवी उत्तीर्ण झालेला एक मुलगा पुढील शिक्षणासाठी लातुरास गेला. सहामाही परीक्षेत पूर्वी न वाचलेल्या कवितेवरील प्रश्न त्याने कोरा सोडला आणि आपल्या जुन्या गुरुजींना कळविले की, “कविता माझ्या डोक्यात शिरत नाही.” गुरुजींनी चार ओळी स्वतः रचून त्याला पत्रोत्तर धाडले. त्यांचा विद्यार्थी अडतो नेमका कोठे, हे त्या पत्रावरून स्पष्ट होत असल्याने ते येथे दिले आहे.

“चि. विद्यार्थ्यास अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र पोचले. पुढील ओळी तू कोठेही वाचलेल्या नाहीस. प्रथम त्या दोन वेळा मोठ्याने म्हण. अर्थाकडे तूर्त पाहू नकोस.

झऱ्याशी बसे वाळवंटात माता
घडा हा रिता, सांज होईल आता
घरी धाकटे पाहती वाट सारे
तळी थेंब येती जसे सांजतारे

म्हणताना प्रत्येक ओळ एकाच चालीत पडते, हे तुझ्या कानास कळले असेल. हे भुजंगप्रयात वृत्त होय. एका ओळीत बारा अक्षरे असतात; एक लघू व दोन गुरू, असा तीन अक्षरांचा गट चार वेळा येतो. आता तिसरी ओळ ‘सारे धाकटे घरी वाट पाहती’ अशी म्हणून पाहा. चाल पहिल्याच शब्दात मोडते. म्हणून कवीने शब्द हलविले आहेत. तुला जे अवघड वाटते त्यातील बरेचसे अर्थाचे नसून या हलविलेल्या शब्दांचे आहे.

ते जागेवर आणण्यास जुने पंडित खंडान्वय करीत. आधी क्रियापद शोधावे आणि त्यालाच प्रश्न विचारावेत. तिसऱ्या ओळीत क्रियापद आहे ‘पाहती’, म्हणजे आजचे ‘पाहतात’. कोण पाहतात? सारे धाकटे. काय पाहतात? वाट. कोठे? घरी. कोणाची? ते या ओळीत नाही. पहिल्या ओळीतील मातेची. ‘वाट’ म्हणजे रस्ता असे तू धरले असतेस, तर मुले रस्ता बघत बसली असा अर्थ झाला असता. ‘कोणाची?’ हा प्रश्न विचारताच ती चूक उघडी पडते.

आता शब्द. ‘वाळवंट’ म्हणताच तुला भूगोलातील राजस्थान आठवेल आणि ‘झरा’ म्हणताच डोंगर. पण वाळवंट म्हणजे नदीकाठची वाळूही. उन्हाळ्यात मांजरा आटली की वाळूत खड्डा खणून पाणी पाझरण्याची वाट पाहतात आणि वाटीने घडा भरतात, हे तू डोळ्यांनी पाहिले आहेस. तुझ्या गावी त्यालाच झिरा म्हणतात. कोणता अर्थ खरा, हे शेजारच्या ओळी ठरवितात. रिता घडा आणि तळाशी येणारे थेंब डोंगरातल्या वाहत्या झऱ्याशी जुळत नाहीत, झिऱ्याशी जुळतात.

शेवटी उपमा. थेंब ताऱ्यांसारखे कशात? ‘सुंदर चमकतात’ असे घाईने लिहू नकोस. सायंकाळी तारे एकदम दिसत नाहीत. एक दिसतो, मग बऱ्याच वेळाने दुसरा. पाणीही तसेच येत आहे. घडा रिता आहे, दिवस मावळत आहे, मुले घरी तिष्ठत आहेत; म्हणून येथे साम्य मुख्यतः सावकाशीचे. चमक असेलही, पण बाकीच्या तीन ओळी तिला आधार देत नाहीत. मुलांचा बाप कोठे आहे, घडा भरला की नाही, हे कवितेत नाही. ते उत्तरात घालू नकोस.

पुढच्या वेळी कागद कोरा ठेवू नकोस. अर्थ पूर्ण लागला नाही तरी क्रियापदाखाली रेघ ओढ, ‘कोण?’ विचार आणि जेवढे उत्तर मिळेल तेवढे लिही.”

या पत्रातील क्रम शिक्षकांनी ध्यानी घ्यावा: वाचन, अन्वय, शब्द आणि मग उपमा. वर्गात पुष्कळदा शब्दार्थ आधी फळ्यावर लिहिले जातात. त्यामुळे ‘वाळवंट’सारख्या शब्दाचा एकच अर्थ मुलाच्या मनात बसतो आणि शेजारच्या ओळींकडे पाहण्याची गरजच त्याला उरत नाही. मुलाने अन्वय खरोखर केला की अर्थ पाठ केला, हे ओळखण्यासाठी त्याला ‘हे कोणत्या शब्दावरून?’ असे विचारावे. पाठ केलेला मुलगा तेथे थांबतो.

या रीतीस मर्यादाही आहे. मुक्तछंदात वृत्ताची सक्ती नसते. तेथे शब्द जागचा हलला असेल, तर तो चालीसाठी हलविला, असे सांगून भागत नाही. कवीने त्यावर भर का दिला, हे विचारावे लागते. शिवाय अन्वयाने केवळ सरळ अर्थ हाती येतो. सावकाश येणारे थेंब आणि घरी तिष्ठणारी मुले यांना एकत्र ठेवून पाहणे, हे काम त्यानंतर मुलानेच करावयाचे असते. शिक्षकाने तेवढी जागा त्याच्यासाठी मोकळी ठेवावी.