साहेबांची चूक साहेबांना कशी लिहावी?

शिक्षक मित्रहो, पालकहो, आपण मुलांना अर्जलेखन शिकवतो. पण वरिष्ठांच्याच कागदातली चूक त्यांना कशी दाखवायची, हे मात्र राहून जातं.

मागच्या महिन्यात माझी एक जुनी विद्यार्थिनी जठारपेठेतल्या घरी आली. आता एका कार्यालयात लिपिक आहे. सेवाज्येष्ठतेच्या आदेशात तिची रुजू तारीख २ जुलैऐवजी १२ जुलै पडली होती. मधल्या १० दिवसांत रुजू झालेले सगळे तिच्या वर जाणार होते. "सर, साहेबांनीच सही केली आहे जी. कसं लिहू?"

तिचा कच्चा मसुदा असा होता: "परम आदरणीय साहेबांच्या सेवेशी, माझ्या अल्पबुद्धीनुसार तारखेत कदाचित काही गफलत झाली असावी असे वाटते. मोठ्या मनाने क्षमा करून कृपादृष्टी ठेवावी." आता सांगा, क्षमा कशाची? चूक तिची नव्हतीच! शिवाय कोणती तारीख चुकली, हे पत्रात कुठेच नाही. आणि 'कदाचित' म्हटलं की वाचणाऱ्याला वाटतं, हिलाच खात्री नाही. कागद राहू दे बाजूला.

मैत्रिणीने सुचवलेला दुसरा मसुदा: "आपण चुकीची तारीख टाकली आहे. तात्काळ दुरुस्त करावी." माहिती खरी, पण 'आपण टाकली' म्हटल्यावर साहेब तारीख पाहण्याआधी स्वतःचा बचाव करायला लागतात. टंकलेखनात चुकली असेल तर तो आरोपही खोटाच. वरिष्ठांना 'तात्काळ' हा तर हुकूमच झाला.

मग आम्ही बसून लिहिलं. वर विषय: 'आदेशातील रुजू दिनांक दुरुस्त करण्याबाबत'. संदर्भात आदेशाचा क्रमांक आणि दिनांक. पुढे:

"महोदय, उपरोक्त आदेशात माझा रुजू दिनांक १२ जुलै असा नमूद झाला आहे. रुजू अहवाल व सेवापुस्तकानुसार तो २ जुलै आहे. दोन्हींच्या प्रती सोबत जोडल्या आहेत. त्यानुसार शुद्धिपत्रक मिळावे, ही विनंती."

'नमूद झाला आहे' यात कर्ता नाही, म्हणून बोट कुणाकडेच जात नाही. 'तो २ जुलै आहे' यात मात्र 'वाटते', 'असावे' काही नाही. खात्री कागदाची आहे, ती ठाम लिहायची. आदर 'महोदय', 'मिळावे' आणि एका 'विनंती'त आला. शेवटी 'आपली विश्वासू' पुरे. 'आज्ञाधारक' लिहायची गरज नाही. अर्ज थेट साहेबांच्या टेबलावर न ठेवता विभागप्रमुखांमार्फत पाठवायला सांगितलं, नाहीतर मधला माणूस दुखावतो.

पण कर्ता लपवायची ही सोय स्वतःच्या चुकीला वापरू नये. "माझ्याकडून तारीख चुकीची लिहिली गेली" हे पळवाटेसारखं वाचलं जातं. तिथे सरळ "मी तारीख चुकीची लिहिली, दुरुस्त प्रत सोबत जोडली आहे" असं लिहावं.

हीच गोष्ट आस्थापनेच्या टेबलावरच्या सहकाऱ्याला विचारायची तर पत्राची भाषा तिथे नेऊ नये. "दादा, माझं शुद्धिपत्रक टंकलेखनाला गेलं का?" एवढं बस. आणि साहेब व्हरांड्यात भेटलेच तर? "साहेब, रुजू तारखेचा अर्ज काल दिला जी, कागद सोबत लावले आहेत." आपल्या अकोल्यात तो एक 'जी' पुरतो, दर शब्दामागे लावला की साहेबांनाही अवघडल्यासारखं होतं.