एकट्यासाठी राजमा : एकदा शिजवावा, चारदा जेवावा

एकट्या माणसाने रात्रीच्या जेवणासाठी मूठभर राजमा शिजवणे परवडत नाही, कारण पन्नास ग्रॅमना लागणारा वेळ आणि इंधन दोनशे ग्रॅमना लागते त्याहून फारसे कमी नसते. उलट, एकदम पुष्कळ शिजवला तर तिसऱ्या दिवशी तो नकोसा होतो आणि अखेर टाकून द्यावा लागतो. यावर उपाय असा की, कडधान्य एकदाच शिजवावे, परंतु फोडणी मात्र दररोज ताजी द्यावी.

२०० ग्रॅम राजमा रात्रभर भिजत घालावा. सकाळी ते पाणी फेकून द्यावे आणि नव्या पाण्यात, प्रेशर कुकरमध्ये, दाणा बोटाने सहज चिरडेल इतका तो शिजवावा. कच्च्या राजम्यात एक विषारी द्रव्य असते; ते जोरदार उकळीनेच नष्ट होते. म्हणून दाणा मधोमध कडक लागला, तर तो पुन्हा शिजवणे अगत्याचे आहे. शिजल्यावर त्याचे वजन दुपटीहून अधिक भरते आणि चार जेवणांपुरते चार वाटे होतात.

एक वाटा त्याच रात्री कामी येतो. उरलेले तीन चपट्या डब्यांत, दोन बोटे उंचीचा थर होईल असे, शिजलेल्या पाण्यासह भरावेत. पाणी गोठताना फुगते. म्हणून वर बोटभर जागा मोकळी ठेवावी. डबे थंड पाण्याच्या परातीत ठेवून निववावेत आणि दोन तासांच्या आत शीतकपाटाच्या बर्फकप्प्यात ठेवावेत. थर पातळ असला की पदार्थ लवकर गोठतो, बर्फाचे स्फटिक बारीक राहतात आणि दाण्याचा लगदा होत नाही. बटाटा मात्र गोठवल्यावर भुसभुशीत होतो व दही फुटते. ती दोन्ही आयत्या वेळीच घालावीत.

ज्या दिवशी खावयाचा, त्या दिवशी सकाळी एक डबा खालच्या कप्प्यात काढून ठेवावा. संध्याकाळी एका कांद्याची आणि एका टोमॅटोची फोडणी करून त्यात राजमा घालावा व सगळीकडून खदखदेपर्यंत उकळावा. सोबत वाटीभर भात आणि काकडी घेतली की जेवण पुरे होते. एकदा वितळलेला वाटा परत गोठवू नये.

थंडीने जंतू मरत नाहीत, केवळ त्यांची वाढ थांबते. म्हणून जेथे वीज वारंवार जाते, तेथे एका वाटीत पाणी गोठवून त्यावर नाणे ठेवावे. गावाहून परतल्यावर नाणे बर्फात रुतलेले वा तळाशी गेलेले दिसले, तर मधल्या काळात बर्फ वितळून पुन्हा गोठला असे समजावे. मग डबे बाहेरून कितीही कडक लागोत, ते खाण्याजोगे राहिलेले नाहीत, असेच मानावे.